मळ्यावरची कामचलाऊ बोली मुलांची मातृभाषा कशी होते

कुपवाडच्या एमआयडीसीत एका फौंड्रीच्या फाटकासमोर चहाची टपरी आहे. तिथे काही महिन्यांपूर्वी कवठेमहांकाळकडचा एक सुपरवायझर आणि ओडिशातून आलेला एक तरुण कामगार यांच्यातले बोलणे कानावर पडले. सुपरवायझर म्हणत होता, ‘‘वो साचा उधर ठेवने का, इधर नई. उद्या लवकर आने का.’’ त्यावर कामगाराने उत्तर दिले, ‘‘हां साहब, उद्या लवकर आएगा, परवा छुट्टी.’’ दोघांपैकी कोणाचीही घरची भाषा हिंदी नव्हती. एकाला ओडिया येत नव्हती आणि दुसऱ्याला मराठी जेमतेम कळत होती, तरीही साचा योग्य जागी पोहोचला आणि दुसऱ्या दिवसाच्या पाळीचेही ठरून गेले. हे ऐकून आपण सहज म्हणतो की ही खिचडी भाषा झाली. भाषाशास्त्राच्या दृष्टीने मात्र ही अजून भाषाच नव्हे. उद्या दुसरा सुपरवायझर आला तर तो ‘ठेवने का’ऐवजी ‘रखने का’ म्हणेल, तिसरा हातवारे करील आणि प्रत्येकाची तडजोड निराळी असेल. ‘असेच म्हणायचे, तसे म्हटले तर चुकले’ असे कोणी कोणाला सांगणार नाही.

अशी तडजोड पुष्कळ लोकांत, पुष्कळ वर्षे चालत राहिली आणि तिच्यातले शब्द व त्यांची मांडणी ठरून गेली, म्हणजे नव्याने आलेल्या माणसाला ती शिकून घ्यावी लागू लागली, की तिला पिजिन म्हणतात. पिजिनचे शब्द थोडे असतात, प्रत्यय जवळजवळ नसतात, तिच्यात बाजार, गोदी, मळा अशा मोजक्या ठिकाणचे व्यवहार होतात, आणि मुख्य म्हणजे ती कोणाचीही मातृभाषा नसते. काम संपवून घरी गेलेला माणूस आपल्या भाषेत बोलू लागतो. हीच भाषा जेव्हा मुले लहानपणापासून पहिली भाषा म्हणून बोलू लागतात आणि भांडण, लाडीगोडी, थाप, स्वप्न, सगळे तिच्यातच होऊ लागते, तेव्हा तिला क्रिओल म्हणतात. व्याख्या एवढीच आहे. कुतूहलाची गोष्ट आहे ती मधली वाट: दोनशे-चारशे शब्दांच्या, काळाचे प्रत्यय नसलेल्या बोलीतून मूल पूर्ण व्याकरणाची भाषा कशी मिळवते, आणि ती त्याला देते कोण?

यासाठी सर्वांत चांगले उदाहरण प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांचे आहे, आणि सांगली-साताऱ्याच्या वाचकाला ते समजावून सांगायला फारसे कष्ट पडत नाहीत, कारण ती सगळी हकिगत उसाच्या फडातली आहे.

हवाईत उसाचा पहिला मोठा मळा 1835 साली कौआई बेटावरील कोलोआ येथे सुरू झाला. पुढे 1875 मध्ये अमेरिकेशी करार होऊन हवाईची साखर अमेरिकेत बिनजकात जाऊ लागली आणि लागवड झपाट्याने वाढली. ऊस तोडायला माणसे मात्र नव्हती. बाहेरून आलेल्या रोगांनी मूळ हवाईयन लोकसंख्येची वाताहत झाली होती. म्हणून मळेवाल्यांनी करारावर मजूर आणायला सुरुवात केली: 1852 पासून चिनी, 1878 पासून मदेरा आणि अझोर्स बेटांवरचे पोर्तुगीज, 1885 पासून मोठ्या संख्येने जपानी, आणि नव्या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत पोर्तोरिकन, कोरियन व फिलिपिनो. 1890 साली बेटांची लोकसंख्या सुमारे 90 हजार होती, ती 1920 मध्ये अडीच लाखांवर गेली. आपल्याकडे कारखान्याच्या गळीत हंगामात बीडची टोळी येते तेव्हा मुकादम आणि टोळी यांच्यात भाषेचा प्रश्न नसतो. बोलण्याचा हेल तेवढा बदलतो. तिथे एकाच फडात चार-पाच देशांची माणसे होती आणि त्यांना एकमेकांचे अक्षरही कळत नव्हते.

सुरुवातीला या फडात इंग्रजी चालत नसे, ही गोष्ट बहुधा कोणी सांगत नाही. राज्य हवाईयन होते आणि आधीचे मजूरही बहुतांश हवाईयन होते, त्यामुळे मळ्यांवर प्रथम हवाईयन भाषेचेच एक मोडके रूप रूढ झाले. त्याच्या खुणा पुढेही टिकल्या. मुकादमाला ‘लुना’ म्हणत. पाचट काढण्याला ‘होले होले’ म्हणत. तोडलेल्या उसाच्या मोळ्या वाहणे म्हणजे ‘हापाइ को’, आणि दिवसाचे काम संपले की ‘पाउ हाना’. जेवणाला ‘काउकाउ’ म्हणत. हा शब्द मात्र चीनच्या बंदरांतल्या पिजिनमधून आलेला होता. मजुराच्या गळ्यात किंवा कमरेला धातूचा नंबराचा बिल्ला असे, त्याला ‘बांगो’ हा जपानी शब्द होता आणि पगार त्या नंबरावर मिळे. 1880 नंतर हळूहळू, आणि 1898 मध्ये अमेरिकेने बेटे ताब्यात घेतल्यावर झपाट्याने, या मोडक्या हवाईयनची जागा मोडक्या इंग्रजीने घेतली. त्याआधीच 1896 च्या कायद्याने शाळांचे माध्यम इंग्रजी झाले होते. जुने शब्द मात्र नव्या सांगाड्यात तसेच राहिले.

ही मोडकी इंग्रजी कशी होती ते पाहायचे तर डेरेक बिकर्टन या भाषाशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात ध्वनिमुद्रित केलेली वृद्ध मजुरांची वाक्ये ऐकावीत. ही माणसे तरुणपणी बेटांवर आली आणि आयुष्यभर पिजिनच बोलत राहिली. एका जपानी म्हाताऱ्याचे वाक्य असे आहे: ‘इफु लाइक मेकी, मो बेटा माके टाइम, मनी नो क्यान हापाइ.’ यातला ‘बेटा’ आपला नव्हे. तो इंग्रजीतला ‘अधिक बरे’ हा शब्द आहे. ‘माके’ म्हणजे हवाईयनमध्ये मरणे आणि ‘हापाइ’ म्हणजे वाहून नेणे. ‘इफु’ आणि ‘मेकी’ यांच्या शेवटी आलेले स्वर जपानी जिभेचे आहेत. त्याला म्हणायचे आहे की देऊळ बांधायचेच असेल तर मरणकाळी बांधलेले बरे, पैसा काही बरोबर नेता येत नाही. विचार पूर्ण आहे, थोडा खट्याळही आहे, पण वाक्याला जोडणारे काहीच नाही. कोण बांधणार, बांधले की बांधायचे आहे, ‘जर’ कुठे संपतो आणि ‘तर’ कुठे सुरू होतो, हे सारे ऐकणाऱ्याने प्रसंगावरून ओळखायचे.

दुसरी अडचण शब्दांच्या क्रमाची होती. जिच्या घरच्या भाषेत मराठीप्रमाणे क्रियापद शेवटी येई, अशी व्यक्ती पिजिनमध्येही ते शेवटीच ठेवी: ‘तु माचा चुरेन, सामोल चुरेन, हाउस मनी पेइ’, म्हणजे मुले फार, लहान लहान मुले, घरभाडे भरायचे. आपल्याला हा क्रम अगदी घरचा वाटतो. फिलिपिनो माणसाच्या भाषांत क्रियापद आधी येते, म्हणून तो म्हणे, ‘वोक हाद दिस पीपल’, म्हणजे ही माणसे खूप राबतात. एकाच मळ्यावर, एकाच पिजिनमध्ये दोघे उलटसुलट क्रमाने बोलत आणि तरीही काम चाले. बिकर्टन म्हणतो की पिजिन बोलणारा माणूस कुठल्या देशाचा हे त्याच्या वाक्यावरून ओळखता येई.

आता याच माणसांच्या मुला-नातवंडांचे बोलणे पाहा. जपानी घरातले असो, पोर्तुगीज घरातले असो की फिलिपिनो, बेटांवर जन्मून वाढलेल्या माणसाच्या बोलण्यावरून त्याच्या आजोबांचा देश ओळखता येत नाही. सगळ्यांचा शब्दक्रम एक, सगळ्यांचे काळ दाखवण्याचे मार्ग एक. ही खूण मला सर्वांत विश्वासाची वाटते. शब्द किती आहेत किंवा बोलणे किती शुद्ध वाटते यावरून पिजिन आणि क्रिओल यांतला फरक कळत नाही. बोलणाऱ्यांची घरची भाषा वाक्याच्या सांध्यांतून डोकावते की नाही, हे पाहावे.

पिजिनमध्ये जे प्रसंगावरून ओळखायचे होते, ते या मुलांच्या भाषेत बोलून दाखवता येऊ लागले. ‘आय स्टे ईट’ म्हणजे मी जेवतोय, ‘आय वेन ईट’ म्हणजे मी जेवलो (जुनी माणसे ‘वेन’च्या जागी ‘बिन’ म्हणत), आणि ‘आय गोन ईट’ म्हणजे मी जेवीन. तिन्ही शब्द इंग्रजीच आहेत, पण त्यांचे काम इंग्रजीतले राहिलेले नाही. ‘स्टे’ म्हणजे इंग्रजीत राहणे. इथे ते आपल्या ‘जेवतोय’मधल्या ‘-तोय’चे काम करते. त्याहून बारीक गोष्ट ‘गो’ आणि ‘फो’ यांच्या फरकात आहे. जॉन मेरीला भेटायला होनोलुलूला गेला, हे क्रिओलमध्ये दोन प्रकारे सांगता येते. मधे ‘गो’ घातला तर तो गेला आणि भेटलाही. ‘फो’ घातला तर भेटायच्या हेतूने गेला, भेट झाली की नाही ते या वाक्यातून कळत नाही. मराठीत ‘भेटायला गेला’ म्हटले की हे सांगून होत नाही. ‘जाऊन भेटून आला’ असे वेगळे वाक्य करावे लागते. जिला हेटाळणीने मोडकी इंग्रजी म्हणत, त्या बोलीत हा भेद एका छोट्याशा शब्दाने होत होता.

आणखी एक वाक्य मराठी माणसाला फार जवळचे वाटेल: ‘गेट वन वाहिने, शी गेट वन डाटा.’ ‘वाहिने’ म्हणजे हवाईयनमध्ये बाई आणि ‘डाटा’ म्हणजे मुलगी. एक बाई आहे, तिला एक मुलगी आहे. इंग्रजीत असण्याला एक रचना आणि जवळ असण्याला दुसरी. क्रिओलमध्ये दोन्हीकडे ‘गेट’, जसे आपल्याकडे दोन्हीकडे ‘आहे’. कोणी म्हणेल की हे मराठीसारखे कसे झाले? मराठीचा इथे काहीच संबंध नाही. चिनी भाषेत दोन्हींना एकच क्रियापद आहे आणि पोर्तुगीजच्या बोलण्यातही तेच होते, आणि हे दोन्ही गट फडात होतेच.

इथेच या विषयातला मोठा वाद उभा राहतो. बिकर्टनचे म्हणणे होते की मुलांना पिजिनमध्ये व्याकरण मिळाले नाही, आई-बापांच्या भाषा त्यांच्यापर्यंत नीट पोहोचल्या नाहीत आणि इंग्रजीही मिळाली नाही, म्हणून त्यांनी मेंदूत जन्मजात असलेल्या आराखड्यातून व्याकरण स्वतः काढले, आणि तेही एका पिढीत. पुरावा म्हणून तो सांगे की जगाच्या दुसऱ्या टोकाच्या क्रिओलांतही काळ दाखवण्याची अशीच मांडणी सापडते. कल्पना आकर्षक आहे आणि वर्गात सांगितली की ऐकणारे हमखास थक्क होतात. अडचण एवढीच की ती वृद्धांच्या बोलण्यावरून पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या मुलांविषयी केलेली होती. पुढे सारा रॉबर्ट्स या संशोधिकेने त्या काळातले कागदच धुंडाळले: न्यायालयातल्या साक्षी, वर्तमानपत्रांतली संभाषणे, पत्रे. त्यातून निघालेले चित्र निराळे होते. मळ्यावर जन्मलेल्या पहिल्या पिढीची मुले घरी आई-बापांची भाषा चांगली बोलत. पोर्तुगीज मुलांना पोर्तुगीज येई, जपानी मुलांना जपानी. त्यांना व्याकरण मुळीच मिळाले नव्हते हे खरे नाही. शाळेच्या पटांगणात, वस्तीच्या वाटेवर आणि होनोलुलूच्या गल्ल्यांत ही मुले एकमेकांशी पिजिनमध्ये बोलत, आणि घरच्या भाषेतून आणलेल्या घडणीने तिच्यातल्या उणिवा भरून काढीत. पोर्तुगीज कुटुंबे मुलाबाळांसह आलेली असल्याने सुरुवातीला शाळांत त्यांची मुले पुष्कळ होती. ‘स्टे’च्या वापरात पोर्तुगीज क्रियापदाची सावली दिसते ती त्यामुळे. या पहिल्या पिढीच्या मुलांना मुले झाली तेव्हा घरात जपानी-पोर्तुगीजची गरजच उरली नव्हती, आणि त्या नातवंडांची पहिली भाषा क्रिओल झाली. म्हणजे हे काम एका पिढीत झाले नाही, दोन पिढ्या लागल्या, आणि मेंदूतल्या आराखड्याला भरपूर कच्चा माल बाहेरून मिळाला. मला रॉबर्ट्सचे चित्र अधिक पटते. मुलांनी काहीच केले नाही असे मात्र त्यातून होत नाही. उलटसुलट क्रमांतून एक क्रम निवडणे आणि कधीतरी वापरल्या जाणाऱ्या शब्दाला सक्तीचा करणे, हे त्यांनीच केले.

या सक्तीचे एक उदाहरण हवाईबाहेरचे, पण थोडक्यात सांगण्यासारखे आहे. पापुआ न्यू गिनीत आठशेवर भाषा आहेत आणि तिथली टोक पिसिन ही बोलीही मळ्यांवरून आली. 1880 च्या सुमारास तिथली माणसे सामोआतल्या जर्मन मळ्यांवर नेली गेली आणि परतताना ही बोली घेऊन आली. तिच्यात भविष्यकाळासाठी ‘बाइंबाइ’ हा शब्द वाक्याच्या सुरुवातीला, हवा तेव्हा घालत, जसे आपण ‘मग’ म्हणतो. पुढे त्याचे ‘बाइ’ झाले, ते क्रियापदाजवळ सरकले आणि जवळजवळ प्रत्येक भविष्यवाचक वाक्यात येऊ लागले. जिलियन सँकॉफ आणि सुझान लाबर्ज यांनी 1973 मध्ये लाए शहरातल्या मुलांच्या आणि त्यांच्या पालकांच्या बोलण्याची तुलना केली तेव्हा हा बदल पालकांतच बराच झालेला आढळला. मुलांनी त्यातला जोर आणखी कमी करून ‘बाइ’चा नुसता पुसट ‘ब’ केला होता. पिजिनला पूर्ण भाषा करण्यात तिच्यात रोज संसार करणारी मोठी माणसेही सामील असतात, ती सगळे काम मुलांवर सोडत नाहीत, हे तिथे स्पष्ट दिसते. त्याच टोक पिसिनमध्ये ‘युमि’ आणि ‘मिपेला’ असे दोन शब्द आहेत. पहिला म्हणजे आपण, दुसरा म्हणजे आम्ही. इंग्रजीत हा भेद नाही. तो तिथल्या स्थानिक भाषांतून आला.

आपण आणि आम्ही यांच्या नावाने मराठीवरही एकदा क्रिओलपणाचा दावा झालेला आहे. फ्रँकलिन साउथवर्थ यांनी 1971 मध्ये मांडले की इंडो-आर्य आणि द्राविड बोलणाऱ्यांच्या संपर्कातून मराठीच्या पोटी एखादी पिजिन-क्रिओलची अवस्था गेली असावी. द्राविड संपर्काच्या खुणा मराठीत आहेत यात वाद नाही. पण ज्या भाषेत तीन लिंगे, नामांची सामान्यरूपे आणि क्रियापदांचे एवढे प्रत्यय टिकून आहेत, ती एकदा पिजिनच्या चाळणीतून गळून आली असेल हे मानणे मला जड जाते. पिजिनमध्ये सर्वांत आधी गळते ते नेमके हेच. ‘घोडा’चे ‘घोड्याला’ होताना मधे येणारा ‘या’ सगळ्या कामचलाऊ बोलींत पहिल्या दिवशीच मरतो.

साउथवर्थ यांचा लेख ज्या संग्रहात आला, त्याच संग्रहात जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांचा लेख कुपवाडविषयी आहे. होय, याच कुपवाडविषयी, फक्त तेव्हा ते सुमारे तीन हजार वस्तीचे खेडे होते आणि महापालिकेत यायला अजून काही दशके होती. गावात जैन व लिंगायत घरांत कन्नड, मुसलमानांच्या घरांत उर्दू, काही वस्त्यांत मराठी आणि दोर वळणाऱ्यांच्या घरांत तेलुगू, अशा चार भाषा तीन-चार शतके शेजारी नांदत होत्या. पुरुषांना दोन-तीन भाषा येत आणि परक्या घरच्याशी बोलताना मराठी वापरीत, कारण ती कोणत्याही बलवान गटाची खाजगी भाषा नव्हती. इतक्या सहवासानंतर व्याकरणे एकमेकांत एवढी मिसळली होती की एका भाषेतले वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता येई. उर्दू बोलणारा म्हणे, ‘पाला जरा काट के ले के आया’, मराठी बोलणारा म्हणे, ‘पाला जरा कापून घेऊन आलो’, आणि कन्नड वाक्यही त्याच साच्यात बसे. कुपवाडच्या उर्दूत आपण-आम्हीचा भेद आला होता. कुपवाडच्या कन्नडात, एरवी ‘आहे’ न म्हणता चालणाऱ्या वाक्यांत, ‘आहे’ आले होते.

गम्पर्झ आणि विल्सन यांना यात क्रिओलासारखी प्रक्रिया दिसली, पण कुपवाडात पिजिन जन्मले नाही आणि क्रिओलही नाही. मिसळ तर इथे हवाईपेक्षाही जास्त होती. मग कमी काय होते? इथे कोणाचेही मूल घरच्या भाषेपासून तुटले नव्हते. कन्नड घरातल्या मुलाला आजी, भावकी, लग्नकार्य, मठ सगळे कन्नडात होते आणि शेजाऱ्याची भाषाही संपूर्ण, तिच्या सगळ्या प्रत्ययांसह, रोज कानावर पडत होती. जिथे पूर्ण भाषा उपलब्ध आहे, तिथे माणूस मोडक्या भाषेवर थांबत नाही. हवाईच्या मळ्यावर इंग्रजी बोलणारे मालक-साहेब थोडे होते, त्यांची घरे वेगळी, शाळाही पुढे वेगळ्या झाल्या. 1924 पासून चांगले इंग्रजी बोलणाऱ्या मुलांसाठी निवडक शाळा निघाल्या आणि बाकीच्यांना बाहेर ठेवले गेले. त्यामुळे मुलांच्या कानावर सर्वांत जास्त जे इंग्रजी पडे ते मळ्याचे पिजिनच होते.

हाच नियम उलट बाजूनेही तपासता येतो, आणि त्यासाठी सांगली जिल्ह्याच्या बाहेर जायला नको. विटा, खानापूर, आटपाडी भागातली पुष्कळ कुटुंबे सोने-चांदी गलाईच्या धंद्यासाठी तमिळनाडू, केरळ, बंगाल अशी दूरवर पसरली आहेत. पहिली दहा वर्षे बापाचे तमिळ मोडकेच असते. भाव, वजन, घट, उधारी एवढ्यापुरते. त्याच्या मुलाचे मोडके नसते, तो शेजारच्या मुलांसारखेच तमिळ बोलतो आणि सुट्टीत विट्याला आला की आजीशी खानापुरी मराठी बोलतो. बापाचे मोडके तमिळ बापाबरोबरच संपते, कारण मुलाच्या भोवती लाखो माणसे पूर्ण तमिळ बोलणारी आहेत. क्रिओल व्हायला तिथे जागाच नाही. महाराष्ट्रात आजवर टिकून राहिलेले क्रिओल आहे ते रायगड जिल्ह्यात रेवदंड्याजवळच्या कोर्लईत. पोर्तुगीजांकडून चौल-कोर्लई 1740 मध्ये मराठ्यांकडे आल्यावर तिथल्या ख्रिस्ती वस्तीची पोर्तुगीजपासून नाळ तुटली, पण भोवतालच्या हिंदू-मुसलमान समाजापासून त्यांचे वेगळेपण राहिले, म्हणून हजारभर माणसांची ती पोर्तुगीज-मराठी बोली अजून घरात बोलली जाते.

नावाबद्दल एक खबरदारी. हवाईची माणसे आपल्या क्रिओलला आजही ‘पिजिन’च म्हणतात आणि टोक पिसिनच्या नावातही पिजिन आहे, त्यामुळे नावावरून काही ठरवू नये. 2015 मध्ये अमेरिकेच्या जनगणना खात्याने हवाईत घरी बोलल्या जाणाऱ्या भाषांची यादी काढली, तिच्यात ‘पिजिन’ ही वेगळी भाषा म्हणून आली. ती आली कारण लोकांनीच घरची भाषा विचारल्यावर तसे सांगितले होते.

टपरीवरच्या त्या ओडिया कामगाराचे कुटुंब आता कुपवाडात राहायला आले आहे. त्याचा मुलगा जवळच्या मराठी शाळेत दुसरीत आहे. घरी आई त्याच्याशी ओडियात बोलते आणि तो ओडियातच उत्तर देतो. परवा संध्याकाळी तो बोळाच्या तोंडाशी उभा राहून मित्राला ओरडून विचारत होता, ‘‘कुठं चाललायस रं? मी पण यायलोय की, थांब की जरा!’’ पाठीमागे उभा असलेला त्याचा बाप दुकानदाराला म्हणत होता, ‘‘एक किलो साखर देने का, पैसा उद्या.’’